जाणाऱ्याच्या मापाचा शर्ट

*अंबडच्या एका मशिनिंग कारखान्यात मी एचआर आणि अ‍ॅडमिन दोन्ही बघते. ऐंशी-पंच्याऐंशी माणसं आहोत. आयएसओ 9001 आहे, गाड्यांच्या पार्टच्या क्वालिटीचं मानक असतं त्या आयएटीएफचं काम सुरू आहे. आमचा क्वालिटीचा माणूस सोडून गेला, त्याच्या जागेसाठी सात आठवडे जाहिरात चालू आहे. 212 अर्ज आले, नऊ जणांना बोलावलं, एक जण लागला आणि अकराव्या दिवशी "मला वाटलं होतं ते काम हे नाही" म्हणून निघून गेला. मुलींचा तर एकही धड अर्ज नाही. साहेब म्हणतात, अटी अजून कडक करा म्हणजे कचरा येणार नाही. मला वाटतं, आजकाल कुणाला शॉपवर काम करायचंच नाही. जाहिरात सोबत जोडली आहे, एकदा बघाल का?*

*"तातडीने पाहिजे: क्वालिटी इंजिनिअर. बी.ई. मेकॅनिकल, अनुभव 5 ते 7 वर्षे, वय 28 पर्यंत. आयएटीएफ, पीपॅप, एसपीसी, सीएमएम, ऑटोकॅड, एसएपी यांचे ज्ञान आवश्यक. क्वालिटीसंबंधी सर्व कामे व वरिष्ठ सांगतील ती इतर कामे करावी लागतील. डायनॅमिक, टार्गेट ओरिएंटेड, प्रेशरखाली काम करणारा, वेळेचे बंधन न मानणारा. इंग्रजीवर प्रभुत्व. स्वतःची बाइक आवश्यक. पुरुष उमेदवारास प्राधान्य. पगार योग्यतेनुसार."*

*— अंबडहून एक वाचक*

ताई, जाहिरात वाचली आणि आधी बोटांवर एक हिशेब केला. एकही वर्ष वाया न घालवता शिकलेला मुलगा बी.ई. होतो साधारण बाविसाव्या वर्षी. त्यावर तुमची किमान पाच वर्षं धरली की झाला सत्तावीस. वयाची अट अठ्ठावीस. म्हणजे तुमच्या जाहिरातीत माणूस सबंध आयुष्यात जेमतेम वर्ष-दीड वर्ष बसतो. तुम्हीच मागितलेला सात वर्षं अनुभवाचा माणूस एकोणतिसाचा असणार, तो तर तुमच्याच दुसऱ्या अटीने बाद. ज्याचा एक विषय राहिला, ज्याने डिप्लोमा करून दोन वर्षं कंपनीत काढली आणि मग डिग्रीला गेला, जिचं बाळंतपणात वर्ष गेलं, ते सगळे बाहेर. जो कुणी या फटीत सापडेल त्याला वर सीएमएम हे मोजमापाचं मशीन आणि एसएपीही यायला हवं. असा माणूस नाशकात असलाच तर तो मोठ्या कारखान्यात बसलेला आहे, आणि "पगार योग्यतेनुसार" वाचून तो जागचा हलणार नाही.

मग ते 212 अर्ज कुणाचे? ज्यांनी जाहिरात वाचलीच नाही त्यांचे. पोर्टलवर बोट दाबलं की अर्ज जातो. असा माणूस दिवसाला पन्नास ठिकाणी बोट दाबतो. त्याला तुमची अट पाच वर्षांची काय आणि पंधरा वर्षांची काय, सारखीच. अटी कडक केल्या तर तो थांबणार नाही, कारण तो अटीपर्यंत पोचतच नाही.

थांबतो कोण, तर जो वाचतो तो. साहेबांना हे नीट समजावून सांगा, कारण तुमच्या जागेच्या बाबतीत हा विनोद जरा जास्तच कडू आहे. तुम्हाला इन्स्पेक्टर हवाय. इन्स्पेक्टरचं काम काय? ड्रॉइंगवर लिहिलेलं माप अक्षरशः मानायचं, पीस त्यात बसला नाही की बाजूला काढायचा आणि "चालवून घ्या हो" म्हणणाऱ्याला नाही म्हणायचं. या स्वभावाचा माणूस तुमची जाहिरात हातात घेतो, अटींना स्वतःचं माप लावतो, तीन ठिकाणी बसत नाही असं दिसतं आणि स्वतःला रिजेक्ट करून पान उलटतो. त्याने त्याचं काम चोख केलं, चुकीचं होतं ते ड्रॉइंग.

अमेरिकेत तारा मोर यांनी हजाराहून जास्त नोकरदार स्त्री-पुरुषांना विचारलं होतं, सगळ्या अटींत बसत नव्हता म्हणून ज्या नोकरीला अर्ज केला नाही, तो का केला नाही? 2014 मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. "हे काम मला नीट जमणार नाही" असं म्हणणारे फार थोडे निघाले. सगळ्यात जास्त उत्तरं होती ती अशी: अटीत बसत नाही, घेणार नाहीत, मग उगाच वेळ कशाला घालवायचा. म्हणजे या लोकांना आत्मविश्वास कमी नव्हता. जाहिरातीत लिहिलेलं खरं असतं, एवढाच त्यांचा समज होता. आपण मात्र अटी लिहिताना मनात म्हणत असतो, "मागून तर बघू, शेवटी थोडं कमी-जास्त करूच." हे मनातलं वाचणाऱ्याला कसं कळणार?

म्हणून तुमच्याकडून मी तीन गोष्टी मागवल्या होत्या: गेलेल्या माणसाने रुजू होताना दिलेला बायोडाटा, त्याच्या शेवटच्या दहा दिवसांच्या कामाची टिपणं आणि तुमच्याकडच्या मोजमापाच्या साधनांची यादी. तुम्ही तिन्ही पाठवल्यात, त्याबद्दल आभार. आता एकेक उघडते.

बायोडाट्यात दिसतं की तुमचा तो माणूस आला तेव्हा डिप्लोमा झालेला आणि दीड वर्ष अनुभवाचा होता. गेला तेव्हा सात वर्षांचा झाला होता, मधल्या काळात नोकरी सांभाळून बी.ई. झाला होता, आणि कस्टमरकडून पार्ट मंजूर करून घ्यायच्या, म्हणजे पीपॅपच्या, फायली भरायला तुमच्याकडेच शिकला होता. जाहिरात लिहिताना तुम्ही त्याच्याकडे बघितलंत. ते साहजिकच आहे, सगळे तेच करतात. पण याचा अर्थ जाणाऱ्याची मापं घेऊन येणाऱ्याचा शर्ट शिवला. येणाऱ्याला तुम्ही पहिल्या दिवशी घेताय, सातव्या वर्षी नव्हे.

डिग्रीचंही तसंच. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या 2017 च्या एका अहवालात अमेरिकेतला एक आकडा आहे. 2015 मध्ये प्रॉडक्शन सुपरवायझरच्या 67 टक्के जाहिरातींत पदवी मागितली होती, आणि त्या पदावर तेव्हा प्रत्यक्ष काम करणाऱ्यांत पदवीधर होते 16 टक्के. आपल्याकडे सातपूर-अंबडमध्ये कुणी असं मोजलेलं माझ्या पाहण्यात नाही, पण तुमच्याच शॉपवर एक चक्कर मारा. तुमचा सगळ्यात भरवशाचा सेटर कोण, त्याचं शिक्षण काय, आणि या जाहिरातीने तो आज तुमच्याकडे आला असता का, एवढं स्वतःला विचारा.

आता दहा दिवसांची टिपणं. ही मला सगळ्यात मोलाची वाटतात. एरवी साहेबांना विचारलं की "क्वालिटी बघतो" असं उत्तर येतं, आणि तेच जाहिरातीत "क्वालिटीसंबंधी सर्व कामे" होऊन बसतं. तुमच्या माणसाचा दिवस असा गेलेला दिसतो. सकाळी शिफ्ट सुरू होताना आणि प्रत्येक सेटिंगनंतर पहिला पीस मोजून सही, मग मशीन चालू. त्यानंतर दर तासाला सहा मशीनवर फेरी, यात साडेतीन तास. दुपारी गाडी भरायच्या आधी डिस्पॅच तपासणी आणि तिचा रिपोर्ट, दोन तास. आलेला माल आणि प्लेटिंगहून परतलेला माल तपासणं, एक तास. उरलेल्या वेळात रिजेक्शनची नोंद, लाल क्रेटला टॅग, गेज कॅलिब्रेशनला पाठवायचं रजिस्टर. कस्टमरची तक्रार दहा दिवसांत एक. आणि शेवटी एक ओळ, तीन वेळा आलेली: "सातपूरला प्लेटरकडे जाऊन माल सोडवून आणला."

तुमची बाइकची अट इथून आली आहे. क्वालिटीचा त्याच्याशी काही संबंध नाही.

याची मला ओळख आहे, कारण हीच चूक मी केली आहे. पर्सोनेल खात्यात असताना एका ठिकाणी स्टोअरकीपरच्या जाहिरातीत मी "दुचाकी व लायसन्स आवश्यक" लिहिलं होतं, कारण आधीच्या जाहिरातीत होतं. दीड महिना जागा रिकामी राहिली. पुढे एका लग्नात सिडकोतल्या एक बाई भेटल्या, आठ वर्षं औषधांचं गोदाम सांभाळलेल्या, बिन कार्ड तोंडपाठ. म्हणाल्या, "तुमची जाहिरात पाहिली होती हो, पण मला गाडी येत नाही." मी दुसऱ्या दिवशी चौकशी केली की ही अट मुळात आली कुठून. आधीचा स्टोअरकीपर जाता जाता मालकांचे चेक बँकेत टाकायचा. एवढंच. त्या चेकपायी आम्ही दीड महिना नट-बोल्ट शोधत बसलो होतो.

तर आता प्रत्येक अटीला विचारायचं ते इतकंच: या दहा दिवसांतल्या कोणत्या कामाला ही लागते? ती नसेल तर पहिल्या आठवड्यात नेमकं काय बिघडेल? आणि शिकवायची म्हटली तर किती दिवस? तुमच्या साधनांच्या यादीत सीएमएम नाहीच, वर्षातून चार-पाच पीस तुम्ही बाहेर मोजायला पाठवता. हिशेब टॅलीत आहे, एसएपी कारखान्यात कुणीच वापरत नाही. ऑटोकॅडमध्ये ड्रॉइंग काढायचं नाही, कस्टमरकडून आलेली पीडीएफ वाचायची आहे, आणि ड्रॉइंग वाचणं हे वेगळं कौशल्य आहे. पीपॅप वर्षातून दोनदा, तेही सल्लागार येऊन करून घेतात. एसपीसीचा चार्ट भरायला हुशार डिप्लोमावाल्याला आठवडा पुरतो. इंग्रजीवर प्रभुत्व कशाला? तक्रारीचं उत्तर ठरलेल्या फॉर्मवर चार ओळींत जातं, तेवढं लिहिता आलं की झालं.

हे सगळं गळाल्यावर हातात काय राहतं? ड्रॉइंग वाचता येणं, त्यावरच्या टॉलरन्सचा आणि चिन्हांचा अर्थ कळणं. व्हर्निअर, मायक्रोमीटर, हाइट गेज, बोअर गेज हाताळता येणं. जे मोजलं तेच लिहिण्याची सवय. आणि नाही म्हणता येणं. चारच. चांगला डिझायनर जिथे बेअरिंग बसतं तिथेच मायक्रॉन मागतो, बाकीच्या मापांना जनरल टॉलरन्स देतो. सगळीकडे मायक्रॉन मागितले तर पीस कधी पास होणार नाही, आणि झालाच तर परवडणार नाही. तुमच्या साहेबांना हे माझ्यापेक्षा जास्त कळतं, त्यांना त्यांच्याच भाषेत सांगा.

"पण मग अनुभव कसा ओळखायचा?" हा त्यांचा पुढचा प्रश्न असेल, आणि तो रास्त आहे. वर्षं मोजून नाही ओळखता येत. टेबलावर एक टर्निंगचा पीस ठेवा, त्याचं ड्रॉइंग ठेवा, शेजारी 0.02 लीस्ट काउंटचा व्हर्निअर आणि 0.01 चा मायक्रोमीटर ठेवा. पाच मापांवर गोल करा आणि अर्धा तास द्या. त्यातलं एक माप ड्रॉइंगवर 25 ±0.05 असू द्या आणि पीस मुद्दाम असा निवडा जो मायक्रोमीटरवर 25.06 भरतो. व्हर्निअरवर तोच पीस हाताच्या दाबाप्रमाणे कधी 25.04 वाटेल, कधी 25.06. म्हणजे एकदा पास, एकदा फेल. ज्याला काम येतं तो न सांगता मायक्रोमीटर उचलतो, आधी त्याचा झिरो बघतो, आणि कागदावर 25.06, रिजेक्ट असं लिहितो. ज्याला येत नाही तो व्हर्निअरवर बघून "ओके" लिहितो, मग त्याच्या बायोडाट्यात सात वर्षं असोत की सतरा. जी अट तुम्हाला अशी तपासून बघता येत नाही, ती लिहूच नका. "डायनॅमिक" कसं तपासणार तुम्ही?

आता अकराव्या दिवशी गेलेल्या मुलाकडे येते. त्याचं वाक्य मला बोचतंय. "सर्व कामे" आणि "इतर कामे" यांच्यात बहुतेक वेळा कारखान्यातलं एखादं न मिटलेलं भांडण लपलेलं असतं, म्हणून ते मोघम लिहिलं जातं. तुम्ही त्याला फोन करून विचारलंत, बरं केलंत. तो म्हणाला, प्लेटिंगच्या चकरा एक वेळ चालल्या असत्या, पण नवव्या दिवशी त्याने एक लॉट अडवला आणि प्रॉडक्शनच्या सुपरवायझरने तो रात्री गाडीत भरला. सकाळी साहेबांनी दोघांनाही "सांभाळून घ्या" सांगितलं.

ताई, हे जाहिरातीने सुटणारं नाही. पण जाहिरात लिहिताना हे उघडं पडतं, हाच ती नीट लिहिण्याचा मोठा फायदा. साहेबांना सरळ विचारा: या माणसाने माल अडवला तर तो सोडायचा अधिकार कुणाचा? त्याने मशीन थांबवलं तर ते थांबणार का? तुमचं आयएटीएफचं काम सुरूच आहे, तर त्या 16949 मानकातलं 5.3.2 हे कलम त्यांच्यासमोर ठेवा. उत्पादनाच्या दर्जाची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्यांना शिपमेंट थांबवण्याचा आणि उत्पादन थांबवण्याचा अधिकार असलाच पाहिजे, असं ते सांगतं. ऑडिटर हे विचारणार. उत्तर मिळालं की ते एका ओळीत जाहिरातीत घाला. शॉपवर दहा वर्षं काढलेल्या माणसाला ती एक ओळ पगाराच्या आकड्याइतकी महत्त्वाची वाटते. आणि साहेबांचं उत्तर "शेवटी मी ठरवणार" असं आलं तर तेही मुलाखतीत आधीच सांगा. अकरा दिवसांनी कळण्यापेक्षा बरं.

आता भाषेकडे. "पुरुष उमेदवारास प्राधान्य" हे आधी खोडा, आजच. भरतीत स्त्री-पुरुष भेद करायला 1976 च्या समान वेतन कायद्याने मनाई केली, आणि 2019 च्या वेतन संहितेतही ती कायम आहे. आपल्या भागातल्या कित्येक जाहिरातींत हे वाक्य दिसतं म्हणून ते चालतं असं नाही.

पण ते खोडून काम भागत नाही, कारण मराठीत "पुरुष" हा शब्द न लिहिताही पुरुषच मागता येतो. तुमची ओळ पुन्हा वाचा: "काम करणारा, बंधन न मानणारा". प्रत्येक शब्दाच्या शेपटीला मिशी आहे. इंग्रजी जाहिरातींवर गॉशे, फ्रीझन आणि के या तिघांनी 2011 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. पुरुषी वळणाचे शब्द जास्त असलेल्या जाहिराती वाचून स्त्रियांना त्या नोकरीत कमी रस वाटला. काम जमणार नाही असं त्यांना वाटलं नव्हतं, तिथे आपण परक्या ठरू असं वाटलं होतं. इंग्रजीत त्यासाठी शब्द शोधावे लागतात, आपल्याकडे व्याकरणच ते काम करतं. उपाय सोपा आहे. माणसाचं वर्णन करू नका, कामाचं करा. "तपासणी करणारा" ऐवजी "तपासणी करणे". "हवा" ऐवजी "पाहिजे". "करणारा/करणारी" अशी तिरकी रेघ मारत बसू नका, वाचताना ठेच लागते.

"प्रेशरखाली काम करणारा, वेळेचे बंधन न मानणारा" याचा अर्थ वाचणारा काय घेतो माहीत आहे? इथे रोज रात्रीचे नऊ वाजतात आणि ओव्हरटाइम मागायचा नाही. तुम्ही पाठवलेल्या टिपणांत तर दहापैकी आठ दिवस माणूस चारच्या आत बाहेर पडला आहे. मग खरं आहे ते लिहा ना. पहिली शिफ्ट, सातला सुरू, साडेतीनला सुटी, महिन्यातून दोन-तीनदा डिस्पॅचसाठी थांबावं लागतं, त्याचा ओव्हरटाइम मिळतो. पंचवटीहून किंवा नाशिकरोडहून येणारा माणूस आधी हेच बघतो की सातला अंबडला पोचायचं कसं. कंपनीची गाडी कुठल्या फाट्यावरून निघते ते लिहिलंत तर बाइकवाल्या अटीचा निम्मा प्रश्न तिथेच मिटतो. प्लेटिंगचा माल आणायला ड्रायव्हर आहेच, फक्त त्याच्याबरोबर चलन द्यायची सवय लावा.

एक अवघड गोष्ट. मुलींचे अर्ज यावेत असं वाटत असेल तर जाहिरातीआधी शॉपवर जाऊन बघा, बायकांसाठी वेगळं स्वच्छतागृह आहे का, आणि त्याची किल्ली ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये तर नाही ना? 1948 च्या कारखाना कायद्यापासून ते सक्तीचं आहे. नसेल तर आधी ते करा. सातपूरच्या आयटीआयमधून किंवा सामनगावच्या पॉलिटेक्निकमधून मुलगी येईलही, पण महिनाभरात जाईल, आणि मग साहेब म्हणतील, "बघा, मी म्हणत होतो."

पगार. आकडा लिहा. "योग्यतेनुसार" वाचून कमी पगारवाल्याला वाटतं आपल्याला फार मिळेल आणि जास्त पगारवाल्याला वाटतं इथे काही मिळणार नाही. दोघांचाही एक दिवस मुलाखतीत जातो, तुमचा तर दोन. तुम्ही मला 22 ते 27 हजार सांगितलंत. तोच पट्टा छापा.

या सगळ्यातून मी तुमची जाहिरात अशी लिहिली असती:

"क्वालिटी इन्स्पेक्टर पाहिजे, अंबड. सीएनसी टर्निंग व मिलिंगच्या सहा मशीनवर काम. प्रत्येक सेटिंगनंतर पहिला पीस ड्रॉइंगप्रमाणे मोजून मंजुरी देणे, दर तासाला फेरी तपासणी, डिस्पॅचपूर्व तपासणी व रिपोर्ट, येणाऱ्या मालाची तपासणी. दोषी माल अडवण्याचा अधिकार या पदाला आहे. अडवलेला माल फक्त प्लांट हेडच्या लेखी सहीने सुटतो. आवश्यक: ड्रॉइंग वाचता येणे, व्हर्निअर-मायक्रोमीटर-हाइट गेज वापरता येणे (मुलाखतीत अर्ध्या तासाची प्रात्यक्षिक चाचणी). आयटीआय, डिप्लोमा किंवा डिग्री, कोणतेही चालेल. मशीन शॉपमधला एक वर्षाचा अनुभव हवा. एसपीसी, पीपॅप आम्ही शिकवू. पहिली शिफ्ट, सकाळी 7 ते 3:30. पगार 22 ते 27 हजार, ओव्हरटाइम वेगळा. स्त्री-पुरुष दोघांनीही अर्ज करावा. सगळ्या गोष्टी जमत नसल्या तरी चाचणीला या."

पदाचं नावही बदललंय, ते बघितलंत ना? "इंजिनिअर" लिहिलं की इंजिनिअर येतात, आणि त्यांना दर तासाला फेरी मारायची नसते. साहेबांना कार्डावर इंजिनिअरच हवा असेल तर वाद घालू नका, "पदवी किंवा डिप्लोमा" एवढ्यावर तडजोड करा. पण बी.ई. झालेला मुलगा या पगारात सहा-आठ महिने काढून जाईल आणि तुम्ही पुन्हा मला पत्र लिहाल, हे त्यांच्या कानावर घाला. उलट, काही अटी खरोखरच अटळ असतात, त्या काढायच्या नाहीत. वायरमनचं लायसन्स, बॉयलर अटेंडंटचं सर्टिफिकेट, किंवा कस्टमरने लेखी मागितलेली पात्रता. साहेब म्हणाले, "कस्टमरला डिग्रीच लागते," तर हसून म्हणा, "ते पान दाखवता का?" बऱ्याचदा पान नसतं. असलं तर मात्र निमूट मान्य करा.

छापण्याआधी ही जाहिरात तीन माणसांना वाचायला द्या: एक मशीनवरचा ऑपरेटर, एक शेजारची डिप्लोमाला असलेली मुलगी, आणि तुमच्या अकाउंट्समधलं कुणी. प्रश्न दोनच. "सोमवारी सकाळी सात ते नऊ हा माणूस काय करत असेल?" आणि "ही जाहिरात कुणासाठी नाही, असं वाटतं?" पहिल्याचं उत्तर तिघांचं वेगवेगळं आलं तर काम अजून मोघम आहे. दुसऱ्याच्या उत्तरात तुम्ही मुद्दाम न वगळलेलं कुणी सापडलं तर ते नेमक्या कोणत्या शब्दावरून वाटलं ते विचारा आणि तो शब्द बदला. जुन्या सहकाऱ्याला दाखवू नका, त्याला काम माहीत आहे, तो मोघम ओळीतही बरोबर अर्थ भरतो.

अर्ज कमी होतील असं समजू नका, कदाचित वाढतीलही. बोट दाबणारे तसेच येत राहणार. म्हणून अर्जात एकच प्रश्न घाला: "तुम्ही शेवटचा रिजेक्ट केलेला पीस कोणता आणि का?" जे वाचत नाहीत ते हा रिकामा सोडतील, आणि तुमची चाळणी पाच मिनिटांत होईल. आणि चाचणीतलं पास-नापास आधी ठरवून कागदावर लिहून ठेवा. नाहीतर साहेबांच्या ओळखीचा मुलगा आला की 25.06 पास होतो.

पोर्टलवर पैसे भरण्याआधी दोन गोष्टी करा. जाहिरात मराठीत टाइमकार्डाच्या मशीनशेजारी नोटीस बोर्डावर लावा. तुमच्या टिपणांत एका ऑपरेटरचा उल्लेख दोनदा आला आहे, ज्याने इन्स्पेक्टरच्या आधी स्वतःच टूल झिजल्याचं सांगून मशीन थांबवलं. आधीच्या जाहिरातीत तो कुठेच बसत नव्हता. आणि ते 212 अर्ज टाकून दिले नसतील तर "डिप्लोमा", "आयटीआय", "वय जास्त" म्हणून बाजूला काढलेला गठ्ठा पुन्हा उघडा. त्यातल्या ज्यांनी मशीन शॉपमध्ये वर्ष काढलंय त्यांना शनिवारी चाचणीला बोलवा, पीस आणि मायक्रोमीटर तयार ठेवून.